फायटिंग गेममध्ये कॉम्बो का तुटतात? इनपुट बफर आणि कॅन्सल विंडोबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोडो, युनिटी किंवा स्वतःच्या इंजिनात टू-डी फायटिंग गेम बनवणाऱ्यांना साधारण एका टप्प्यावर हे प्रश्न पडतात: पात्र चालतं, मारतं, मार खातं, पण कॉम्बो कधी लागतो आणि कधी लागत नाही. खाली सगळीकडे गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो असं धरलंय. दिशा कीबोर्डच्या नंबरपॅडप्रमाणे लिहिल्यात, पात्राचं तोंड उजवीकडे धरून: २ म्हणजे खाली, ३ म्हणजे खाली-पुढे, ६ म्हणजे पुढे, ५ म्हणजे स्टिक मोकळी. म्हणजे स्ट्रीट फायटरमधला हदोकेन झाला २३६ आणि पंच, शोर्युकेन ६२३ आणि पंच.

मोशन बरोबर केलं, तरी हदोकेन येत नाही. आधी कुठे बघायचं?

आधी स्क्रीनच्या एका कडेला लॉग दाखवा. प्रत्येक फ्रेमला एक ओळ: फ्रेमचा नंबर, दिशा, नव्याने दाबलेली बटणं, ओळखलेली कमांड, हिटस्टॉपच्या, म्हणजे हिट लागल्यावर पात्रं गोठतात त्या, किती फ्रेम उरल्या आणि पात्र मूव्हच्या कितव्या फ्रेमवर आहे. हा लॉग नसताना आकडे बदलत बसलात तर दिवस जातील आणि हाती काही लागणार नाही.

लॉगमध्ये तीनपैकी एक गोष्ट दिसेल. बटण लॉगमध्ये आलंच नसेल, तर दोष इंजिनात इनपुट वाचण्यात किंवा कीबोर्डमध्ये आहे. बटण आलं पण २३६ ओळखलं गेलं नसेल, तर मोशन शोधणारा कोड तपासा. कमांड ओळखली गेली आणि तरीही मूव्ह सुटली नसेल, तर दोष बफरमध्ये, म्हणजे ओळखलेली कमांड काही फ्रेम राखून ठेवणाऱ्या यादीत, किंवा कॅन्सल विंडोत, म्हणजे एक मूव्ह मध्येच तोडून दुसरी सोडता येते त्या फ्रेममध्ये. मोकळं उभं असताना हदोकेन दरवेळी येतो आणि कॉम्बोमध्येच हुकतो, असं होत असेल तर डोळे मिटून तिसऱ्या कारणापासून सुरुवात करा.

युनिटीत काही वेळा बटण दाबलेलं पोचतच नाही. का?

`Input.GetButtonDown` तुम्ही `FixedUpdate` मध्ये वाचताय का ते बघा. ती व्हॅल्यू फक्त एका रेंडर फ्रेमपुरती खरी असते. त्या रेंडर फ्रेममध्ये `FixedUpdate` एकदाही चाललं नाही तर बटण हरवलं, आणि दोनदा चाललं तर एकच दाबणं दोनदा मोजलं गेलं. त्यात `Fixed Timestep` मुळात 0.02 असतो, म्हणजे सेकंदाला ५० वेळा. तुमचा फ्रेम डेटा मात्र ६० च्या हिशोबाने लिहिलेला.

उपाय असा: बटणं `Update` मध्ये वाचून एका व्हेरिएबलमध्ये साठवत राहा, गेमच्या पुढच्या टिकला ती सगळी एकत्र घ्या आणि मग व्हेरिएबल रिकामं करा. टिकचा वेग ६० वर आणा. गोडोत `Physics Ticks per Second` आधीच ६० असतं, तिथे ही अडचण फारशी येत नाही.

मोशन ओळखायची सोपी आणि खात्रीची रीत कोणती?

शेवटच्या ६० फ्रेमच्या दिशा एका रिंग बफरमध्ये ठेवा. पंच दाबला गेला त्या क्षणी मागे वळून शोधा: आधी ६, त्याच्या मागे ३, त्याच्या मागे २. ठरलेल्या फ्रेमच्या आत तिन्ही सापडले की मोशन झालं.

```gdscript
func has_motion(seq: Array, window: int) -> bool:
    var want := seq.size() - 1
    for back in range(window):
        if dir_at(back) == seq[want]:
            want -= 1
            if want < 0:
                return true
    return false
```

`dir_at(0)` म्हणजे आत्ताची फ्रेम. `has_motion([2, 3, 6], 15)` इथून सुरुवात करायला हरकत नाही. मागून शोधण्याचा मोठा फायदा म्हणजे खेळाडू आधी कितीही वेळ खाली बसून असला तरी फरक पडत नाही, कारण आपल्याला २ ची शेवटची फ्रेम मिळते. पुढून शोधणारा कोड, म्हणजे २ दिसल्यावर टायमर सुरू करून ३ ची वाट बघणारा, नेमका इथे फसतो. बसून ब्लॉक करणाऱ्या खेळाडूचा टायमर केव्हाच संपून गेलेला असतो.

दुसरं, मोशन ओळखायचं ते बटण दाबल्याच्या क्षणी. ओळख पटली की बफरमध्ये दिशा नव्हे, तर "२३६ पंच" ही तयार कमांड टाका. मूव्ह सुटायची वेळ येईपर्यंत स्टिक मोकळी झालेली असते, तेव्हा दिशा तपासून उपयोग नाही.

कीबोर्डवर ३ वगळला जातो. २ नंतर थेट ६ चालवून घ्यावं का?

कीबोर्डवर ३ म्हणजे दोन कीज एकत्र दाबलेल्या. बोट खालच्या कीवरून जरा लवकर उचललं की लॉगमध्ये २, ५, ६ दिसतं. हे चालवून घ्यावं, पण खिडकी आखूड ठेवून. २३६ ला १५ फ्रेम दिल्यात तर नुसत्या २६ ला ८ पुरेत. त्याहून सैल केलंत तर बसलेला खेळाडू उठून पुढे चालताना साधा पंच मारेल आणि हातातून हदोकेन सुटेल.

मात्र आधी कीबोर्डच बघा. स्वस्त कीबोर्डवर काही तीन कीज एकत्र दाबल्या तर तिसरी पोचतच नाही. खाली, पुढे आणि किक असं त्रिकूट त्यात सापडलं तर कितीही बफर लावा, काही होणार नाही. बटण दुसऱ्या कीवर नेलं की दोष लगेच ओळखू येतो.

पुढे चालता चालता हदोकेन मारला की शोर्युकेन येतो. हे कसं सोडवायचं?

चालताना ६ दाबलेलाच होता, त्यावर २३६ केलं. हिस्ट्रीत झालं ६२३६. त्यात ६२३ पण आहे आणि २३६ पण, म्हणजे वरचा कोड दोन्हींना हो म्हणेल. बऱ्याच गेममध्ये शोर्युकेन आधी तपासला जातो, कारण तो घाईत, अंगावर उडी मारणाऱ्याला पाडायला लागतो. म्हणून तिथे ही तक्रार जुनी आहे.

शोर्युकेनच्या शेवटी दिशा ३ वरच हवी, असा कडक नियम लावला तर चालताना हदोकेन नीट येतो, पण घाईत स्टिक ६ पर्यंत पुढे सरकवणारे सगळे खेळाडू शोर्युकेनला मुकतात. माझं मत असं: शेवटची दिशा ६ असेल तर सुरुवातीचा ६ किती वेळ दाबलेला होता ते पाहा. ८-१० फ्रेमहून जास्त असेल तर माणूस चालत होता, हदोकेन द्या. त्याहून कमी असेल तर तो ६ मोशनसाठीच दाबलेला होता, शोर्युकेन द्या. शंभर टक्के बरोबर असं इथे काही नाही, पण चूक झालीच तर ती क्वचित आणि समजण्यासारखी होते.

ओळखलेली कमांड बफरमध्ये किती फ्रेम ठेवायची? पाच ठेवल्या, तरी कॉम्बो हुकतो.

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. पाच हा आकडा ठीक आहे. तुम्ही त्या पाच फ्रेम चुकीच्या घड्याळावर मोजताय.

फायटिंग गेममध्ये दोन घड्याळं चालू असतात. एक खेळाडूच्या हाताचं, ते कधीच थांबत नाही. दुसरं पात्राचं, ते हिटस्टॉपमध्ये थांबतं. हिट लागल्यावर दोन्ही पात्रं काही फ्रेम गोठतात, म्हणून फटका जोरात बसल्यासारखा वाटतो. मोशन हाताच्या घड्याळावर मोजायचं, कारण ती हाताच्या वेगाची परीक्षा आहे. ओळखलेल्या कमांडचं थांबणं मात्र पात्राच्या घड्याळावर मोजायचं.

उदाहरण घेऊ. बसून मारायची मिडियम किक: १ ते ५ स्टार्टअप, म्हणजे फटक्याची तयारी; ६ ते ८ ॲक्टिव्ह, म्हणजे फटका लागू शकतो; ९ ते २४ रिकव्हरी, म्हणजे पात्र सावरतं. हिटस्टॉप १० फ्रेम. हिट लागल्यास मूव्हच्या ७ ते १२ या फ्रेममध्ये स्पेशल मूव्हमध्ये कॅन्सल करता येतं.

हाताच्या घड्याळावर किक ० ला दाबली. १ ला मूव्ह सुरू झाली, ६ ला हिट लागला. ७ ते १६ हिटस्टॉप, पात्र मूव्हच्या सहाव्या फ्रेमवर अडकलेलं. १७ ला मूव्हची सातवी फ्रेम येते, म्हणजे हाताच्या हिशोबात कॅन्सल विंडो १७ ते २२.

आता खेळाडू काय करतो? ५ पर्यंत स्टिक खाली, ६ आणि ७ ला खाली-पुढे, ८ ला पुढे, ९ ला पंच. अगदी स्वच्छ २३६. पण ९ ही हिटस्टॉपची तिसरीच फ्रेम. हाताच्या घड्याळावर मोजलेला पाच फ्रेमचा बफर १४ ला संपला, आणि विंडो उघडते १७ ला. हदोकेन गेला. खेळाडूने काहीही चुकवलेलं नाही, उलट तो चपळ आहे म्हणून त्याला शिक्षा झाली. "हळू दाबलं की लागतो, पटकन दाबलं की नाही" अशी तक्रार आली तर कारण बहुतेक हेच.

पात्राच्या घड्याळावर मोजा. ९ ला आलेल्या कमांडचं वय १६ पर्यंत शून्यच राहतं, १७ ला एक होतं, आणि हदोकेन सुटतो. हाताच्या घड्याळावर पंच १२ ते २२ मध्ये दाबला तरच लागायचा, म्हणजे ११ फ्रेम. आता २ ते २२ मध्ये कधीही दाबा, २१ फ्रेम. बफरचा आकडा पाचच आहे.

```gdscript
func tick_buffer() -> void:
    if hitstop > 0:
        return
    for cmd in pending:
        cmd.age += 1
    pending = pending.filter(func(c): return c.age <= 5)
```

हे फंक्शन त्या फ्रेमची नवी कमांड बफरमध्ये टाकण्याआधी चालवा, म्हणजे नवी कमांड शून्य वयाने येते.

मग कमांड आली की हिटस्टॉपमध्येच कॅन्सल का करू नये?

करता येतं, पण फटक्याचा जोर जातो. किक लागते ना लागते तोच पात्र हदोकेनच्या पवित्र्यात, डोळ्याला किक दिसतच नाही. शिवाय कमांड कधी दिली यावर कॉम्बोचा वेग बदलायला लागतो: लवकर दाबणाऱ्याचा हदोकेन लवकर पोचतो, उशिरा दाबणाऱ्याचा उशिरा, आणि समोरचा हिटस्टनमध्ये, म्हणजे फटका खाऊन काही करू न शकण्याच्या अवस्थेत, असेल की नाही याचा भरवसा उरत नाही. हिटस्टॉपमध्ये कमांड घ्यायची, ठेवायची आणि संपल्यावर पहिल्याच फ्रेमला सोडायची. लवकर दाबणाऱ्या सगळ्यांना मग एकसारखा कॉम्बो मिळतो.

एका गोष्टीकडे लक्ष द्या. पुष्कळ कोडमध्ये अपडेटच्या वरच `if hitstop > 0: return` असतं आणि इनपुट वाचणं त्याच्या खाली. मग हिटस्टॉपमधलं इनपुट वाचलंच जात नाही. इनपुटची नोंद आणि मोशनची ओळख नेहमी त्या ओळीच्या वर हवी.

कॅन्सल विंडो कुठे सुरू करायची आणि कुठे संपवायची?

हिट किंवा ब्लॉक झाल्यापासून सुरू, आणि रिकव्हरीच्या पहिल्या काही फ्रेममध्ये बंद. फार लांबवली तर रिकव्हरीच्या शेवटी अचानक मूव्ह सुटते, ते विचित्र दिसतं. फटका हवेत गेल्यावरही कॅन्सल होऊ दिलं तर लांब पल्ल्याची किक मोकाट मारता येते, कारण चुकल्याची किंमत हदोकेन झाकून टाकतो. तो गेमच्या स्वभावाचा निर्णय आहे, पण नकळत घेऊ नका.

प्रत्येक मूव्हच्या डेटात तीन गोष्टी असू द्या: विंडोची पहिली फ्रेम, शेवटची फ्रेम, आणि कशात कॅन्सल होऊ शकतं त्याची यादी. कोडमध्ये "किक असेल तर" असं लिहीत गेलात तर दहाव्या मूव्हला गुंता होतो.

कॅन्सल ही स्ट्रीट फायटर २ मधली चूक होती, असं म्हणतात. खरं आहे का?

बऱ्याच अंशी. १९९१ च्या त्या गेममध्ये स्पेशल मूव्ह सहज याव्यात म्हणून वेळेची सवलत ठेवली होती. निर्माते नोरिताका फुनामिझु यांना गाडी फोडायच्या बोनस स्टेजची तपासणी करताना दिसलं, की वेळ साधली तर एका फटक्यातून दुसरा निघतो. हे साधणं फार अवघड, म्हणून लपलेली गोष्ट समजून ते राहू दिलं गेलं. कॉम्बो म्हणून आज जे ओळखतो ते तिथून आलं.

एकदाच पंच दाबला आणि दोन मूव्ह आल्या. असं का?

कमांड वापरल्यावर ती बफरमधून काढलेली नाही. पण तेवढ्याने भागत नाही. समजा हदोकेन सुटला आणि लगेच खेळाडूने आणखी एक पंच दाबला. आधीचं २३६ अजून १५ फ्रेमच्या आत आहे, म्हणजे तेच मोशन दुसऱ्या पंचाला पुन्हा लागू होईल. म्हणून मूव्ह सुटल्यावर त्या कमांडची फ्रेम नोंदवा आणि मोशन शोधताना तिच्या मागे जाऊ नका.

बटण सोडल्यावरही स्पेशल मूव्ह येते अशी सोय देत असाल, तर तिथेही हाच नियम लावा. नाहीतर दाबताना एक हदोकेन आणि सोडताना दुसरा.

थ्रोसाठी दोन बटणं एकत्र दाबायची, पण बऱ्याचदा नुसता पंच निघतो.

माणसाची दोन बोटं एकाच फ्रेमवर क्वचितच पडतात, एक-दोन फ्रेमचा फरक राहतोच. पहिलं बटण आल्यावर दोन फ्रेम वाट बघणं हा उपाय सुचतो, पण त्याने प्रत्येक साधा पंच दोन फ्रेम उशिरा निघेल आणि गेम जड वाटेल. त्यापेक्षा पंच लगेच सुरू करा, आणि त्याच्या पहिल्या दोन फ्रेममध्ये दुसरं बटण आलं तर तो मोडून थ्रो द्या.

याचा एक परिणाम माहीत असावा. मोडलेली मूव्ह त्या दोन फ्रेममध्ये पात्राला पुढे सरकवत असेल तर थ्रोचा पल्ला वाढतो. स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइकमध्ये खेळाडूंनी हेच पकडलं आणि कारा-थ्रो हे तंत्र झालं. तुम्हाला ते नको असेल तर मूव्ह मोडताना पात्राला आधीच्या जागी परत न्या.

बफर पाचाऐवजी पंधरा फ्रेमचा केला तर सगळे कॉम्बो सोपे होतील ना?

कॉम्बो सोपे होतील आणि गेम हातातून निसटेल. पंधरा फ्रेम म्हणजे पाव सेकंद. खेळाडूने दोनदा जॅब मारला, समोरच्याने ब्लॉक केलाय हे पाहून थांबायचं ठरवलं, तरी आधी दाबलेला तिसरा पंच बाहेर येतो. थांबण्याचा निर्णय घ्यायला जागाच राहत नाही.

कॅन्सलऐवजी लिंक, म्हणजे पहिली मूव्ह पूर्ण संपल्यावर लगेच दुसरी, यांना बफरची गरज जास्त. स्ट्रीट फायटर ४ मध्ये काही लिंकना एकच फ्रेम मिळायची आणि लोक त्यासाठी दोन बटणं एकापाठोपाठ दाबायच्या युक्त्या करायचे. २०१६ च्या स्ट्रीट फायटर ५ मध्ये बफर आला आणि सगळ्यात अवघड लिंकलाही तीन फ्रेम मिळू लागल्या. चार ते सहा ही मला योग्य मर्यादा वाटते. सहा लागूनही कॉम्बो हुकत असेल तर आकडा वाढवू नका, घड्याळ तपासा.

समोरचा डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला की मोशन उलटं होतं. काय करावं?

हिस्ट्रीत दिशा डाव्या-उजव्या अशाच साठवा, पुढे-मागे अशा नाही. बटण दाबलं त्या क्षणी पात्राचं तोंड जिकडे, त्यानुसार भाषांतर करा. तोंड फिरून चार-पाच फ्रेमच झाल्या असतील तर जुन्या बाजूनेही एकदा शोधून बघा.

सगळं बरोबर झालंय हे कसं तपासू? हाताने खेळून खात्री पटत नाही.

हाताने पटणारच नाही. गेमला स्क्रिप्टने इनपुट देता येईल अशी सोय करा आणि वरचा किक-हदोकेन चालवा. पंचाची फ्रेम ० पासून ४० पर्यंत एकेकीने पुढे सरकवा, त्या त्या वेळी पंचाच्या आधीच्या फ्रेममध्ये २, ३, ६ बसवा. किक कॅन्सल होऊन हदोकेन कुठल्या फ्रेमना आला ते लिहून घ्या; किकच्या आधी किंवा ती पूर्ण संपल्यावर सुटलेला धरू नका. वरच्या आकड्यांसाठी २ ते २२ अशी सलग रांग आली पाहिजे.

रांगेत भोक असेल तर ते भोकच दोष सांगतं. ७ ते १६ गायब असेल तर हिटस्टॉपमध्ये इनपुट वाचलं जात नाही. १२ पासूनच सुरू होत असेल तर बफरचं वय हाताच्या घड्याळावर वाढतंय. फक्त १६ गायब असेल तर हिटस्टॉपचा आकडा कमी करणारी ओळ आणि इनपुटची ओळ यांचा क्रम बहुतेक उलटा आहे. ६ आणि त्याआधीच्या फ्रेम गायब असतील तर वेगळं कारण: त्या वेळी हिट लागल्याची नोंद अजून झालेली नसते, कॅन्सलची तपासणी "नाही" म्हणते, आणि तुमचा कोड कमांड थांबवण्याऐवजी फेकून देतो. अशी चाचणी प्रत्येक कॅन्सल होणाऱ्या मूव्हसाठी बिल्डबरोबर आपोआप चालली पाहिजे, कारण मूव्हच्या डेटात एक आकडा बदलला तरी रांग बदलते.

ऑनलाइन खेळताना बफरचं वेगळं काही करावं लागतं का?

रोलबॅक वापरत असाल तर हो. रोलबॅकमध्ये गेम काही फ्रेम मागे नेऊन पुन्हा चालवला जातो. टोनी कॅनन यांच्या जीजीपीओ या लायब्ररीने ही पद्धत रुळवली आणि २०१९ पासून त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे. मागे नेताना पात्राची जागा आणि हेल्थ परत आणलीत, पण दिशांची हिस्ट्री, थांबलेल्या कमांड, त्यांची वयं आणि "इथपर्यंत वापरलं" ही खूण जुन्याच राहिल्या, तर एका मशीनवर हदोकेन सुटेल आणि दुसऱ्यावर नाही. हे सगळं गेमच्या सेव्ह होणाऱ्या स्टेटमध्येच ठेवा, इनपुटच्या वेगळ्या क्लासमध्ये नाही. तपासायला दर फ्रेमला मुद्दाम सात फ्रेम मागे जाऊन पुन्हा पुढे या आणि स्टेटचा चेकसम जुळतोय का ते बघा. कॉम्बोच्या मधोमधच जुळत नसेल, तर बफर बाहेर राहिलाय.